आंबट पेयांनी झिजणारे दात: खाल्ल्यानंतर चूळ कशाने भरायची आणि ब्रश केव्हा करायचा

सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्यात लिंबू पिळायचं, चमचाभर मध घालून प्यायचं आणि लगेच दात घासायला जायचं, हा क्रम अलीकडे बऱ्याच घरांत पक्का बसला आहे. पोटाला त्याचा किती उपयोग होतो, हा वाद बाजूला ठेवू. दातांसाठी मात्र याहून वाईट क्रम शोधूनही सापडणार नाही. झोपेत लाळ जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे तोंड कोरडं पडलेलं असतं. त्यावर लिंबाचं आम्ल येतं, दाताचा वरचा थर मऊ होतो आणि तो मऊ असतानाच आपण त्यावर ब्रश फिरवतो. वर्षानुवर्षं हे रोज चाललं की तिशी-पस्तिशीतच पुढचे दात पातळ आणि पिवळसर दिसायला लागतात. दात तर नियमित घासतो, मग असं का झालं, हे त्या माणसाला उमगत नाही.

कीड वेगळी, झीज वेगळी

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. वजनाच्या हिशेबाने त्यातला सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. शरीरात याहून कठीण काही नाही, पण आम्लापुढे ते हतबल असतं. संगमरवरी ओट्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की तेवढ्या जागेची चकाकी जाते आणि ती घासून परत येत नाही. दाताचंही तसंच होतं, फक्त सावकाश.

कीड लागते तेव्हा आम्ल जंतू तयार करतात. दातावर चिकटलेला थर म्हणजे प्लाक. त्यातले जंतू साखर आणि पिष्ट खाऊन आम्ल सोडतात आणि एका जागी खड्डा पडतो. झिजेत जंतूंचा काही संबंध नसतो. आम्ल थेट पेयातून किंवा पोटातून येतं आणि दाताचा पृष्ठभाग पसरट विरघळतो. म्हणून एकही कीड नसलेल्या, अगदी स्वच्छ दातांच्या माणसालाही झीज असू शकते. उलट दात फार घासणाऱ्यांमध्ये ती जास्त दिसते, कारण संरक्षण करणारा थरही ते घासून काढतात.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच असतात, त्यानंतर त्या उरत नाहीत. त्यामुळे गेलेलं एनॅमल पुन्हा उगवत नाही. पण आम्लाने नुकताच मऊ झालेला आणि अजून जागेवर असलेला थर लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटमुळे पुन्हा घट्ट होऊ शकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच संधीसाठी आहेत: मऊ झालेलं निघून जाण्याआधी त्याला घट्ट व्हायला वेळ द्यायचा.

काय किती आंबट, हे जिभेला कळत नाही

आम्लता पीएचमध्ये मोजतात. साधं पाणी 7 च्या आसपास असतं आणि आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त. एक अंक खाली आलं की आम्लता दहापट वाढते. एनॅमल विरघळायला लागतं ते साधारण 5.5 च्या खाली. लिंबाचा रस 2 ते 2.5, कोला 2.5 च्या आसपास, संत्र्याचा रस 3.5 च्या आसपास. कोला जिभेला गोड लागतो, कारण साखर आंबटपणा झाकते. दाताला ती झाकाझाक चालत नाही. लिंबूपाण्यातल्या मधाचंही तेच. साखर नसलेला डाएट कोला किडीच्या बाजूने बरा, पण झिजेच्या बाजूने नेहमीच्या कोल्याइतकाच वाईट, कारण आम्ल तसंच राहतं. लिंबू जास्त पाण्यात पिळलं तरी पीएच वाटतो तितका वर येत नाही.

मग ताकाचं काय? ताक आणि दहीही 4 ते 4.5 च्या घरात असतात, म्हणजे 5.5 च्या बरेच खाली. तरीही दही एनॅमल झिजवत नाही. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं. आजूबाजूच्या द्रवातच ही खनिजं पुरेशी असली की दातातली बाहेर पडत नाहीत. म्हणून 5.5 हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, ज्यात दात बुडतो त्या द्रवात काय आहे यावर तो हलतो. कोकम, चिंच, कैरी, आवळा, लिंबू यांच्यात मात्र हा बचाव नाही. दुपारच्या जेवणानंतर काही प्यायचंच असेल तर कोकम सरबतापेक्षा बिनसाखरेचं ताक दातांच्या दृष्टीने कितीतरी चांगलं. फक्त ते अगदी पाणचट असू नये.

पहिली पायरी: तीन दिवस लिहून काढा

काय सोडायचं हे ठरवण्याआधी आपल्या तोंडात दिवसभर काय चालतं ते कळायला हवं. सलग तीन दिवस, त्यात एक सुट्टीचा, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहा. पाणी सोडून सगळं लिहा: चहा, बडीशेपेची गोळी, चिवड्याची चिमूट, खोकल्याची गोळी, व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी. सर्वांत महत्त्वाचा रकाना म्हणजे ते किती वेळ चाललं. एक ग्लास पाच मिनिटांत संपला की दोन तास पुरला?

समजा, ठाण्याहून रोज लोकलने मुंबईला जाणारी एक नोकरदार बाई आहे. वय बत्तीस, वरच्या पुढच्या दातांच्या कडा पारदर्शक दिसू लागल्यात आणि थंड पाण्याने दात शिवशिवतात. तिची नोंद अशी आहे. सकाळी साडेसहाला लिंबू-मध-पाणी आणि लगेच ब्रश. आठला चहा-बिस्किटं. दहा ते साडेबारा टेबलावर लिंबाच्या चकत्या टाकलेली पाण्याची बाटली, घोट-घोट. एकला जेवण. दीडला आवळा सुपारी, गालात धरून. चारला चहा-खारी. साडेसहाला गाडीत पाकिटातला फळांचा रस, जवळजवळ चाळीस मिनिटं. नऊला जेवण, दहाला ब्रश, आणि अकराला टीव्हीसमोर एक मोसंबी.

आता हिशेब करू. साखर किंवा पिष्ट खाल्लं की प्लाकमधला पीएच काही मिनिटांत खाली जातो आणि वर यायला साधारण वीस मिनिटं ते तासभर लागतो. नुसतं आंबट पेय गिळलं की लाळ ते त्याहून लवकर, बहुतेक वेळा काही मिनिटांतच, धुऊन काढते. चहा-बिस्किटांना अर्धा तास, चहा-खारीला अर्धा तास, दोन जेवणांना पाऊण-पाऊण तास, सकाळच्या लिंबूपाण्याला दहा मिनिटं, आवळा सुपारीला आणि मोसंबीला वीस-वीस मिनिटं, रसाला चाळीस, बाटलीला अडीच तास धरले, तर बेरीज सहा तासांच्या वर जाते. हा ढोबळ अंदाज आहे. जंतूंचं आम्ल आणि पेयाचं आम्ल एकाच प्रकारे काम करत नाहीत, त्यामुळे त्यांची बेरीज शास्त्राला धरून नाही असं कुणी म्हटलं तर ते बरोबरच आहे. पण दोषी कोण, ते त्यातून लख्ख दिसतं. त्या बाटलीत जेमतेम अर्धं लिंबू असेल, तरी सहा तासांतले अडीच तिचेच आहेत. तेच अर्धं लिंबू जेवताना डाळीवर पिळलं असतं तर वेगळा मिनिटही खर्च झाला नसता.

दुसरी पायरी: घोट-घोट बंद, जेवणाला जोडून घेणं सुरू

प्रमाण कमी करण्यापेक्षा वेळ कमी करणं सोपं आणि जास्त उपयोगाचं. आंबट पेय प्यायचंच असेल तर जेवणाबरोबर घ्या आणि पाच-दहा मिनिटांत संपवा. जेवताना चावण्यामुळे लाळ सुटलेली असते. एरवी मिनिटाला अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी येणारी लाळ तेव्हा एक-दोन मिलिलिटरपर्यंत वाढते आणि तिच्यातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं. पन्हं, कोकम सरबत, लिंबू सरबत, सोलकढी यांतलं काहीही सोडायची गरज नाही, त्यांची वेळ बदलायची.

पेय तोंडात खेळवू नका, गालात धरून ठेवू नका. गॅस असलेलं थंड पेय जिभेवर फिरवत पिण्याची सवय अनेकांना असते आणि झीज करणारी तिच्याइतकी दुसरी सवय नाही. स्ट्रॉ वापरायची तर तिचं टोक दातांच्या मागे, जिभेवर ठेवा. ओठांत धरून ओढली तर धार नेमकी पुढच्या दातांवरच पडते आणि स्ट्रॉ असून नसल्यासारखीच.

खाण्याचंही असंच. चिवडा, फरसाण, बिस्किट हे दिवसभर चिमटीचिमटीने खाण्यापेक्षा एकदाच वाटीभर खा. दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तास तोंड रिकामं राहिलं की लाळेला दुरुस्तीचं काम करता येतं. स्वीडनमध्ये 1945 नंतर एका संस्थेत केलेल्या व्हिपेहोल्म प्रयोगात हेच दिसलं. जेवणाबरोबर साखर दिलेल्यांपेक्षा मधल्या वेळी चिकट गोड दिलेल्यांचे दात कितीतरी जास्त किडले. तो प्रयोग मतिमंद रुग्णांवर, त्यांची संमती न घेता केला गेला होता, म्हणून त्याचा दाखला देताना तेही सांगायला हवं.

त्या बाईच्या नोंदीत बदल असा होईल. सकाळचं लिंबूपाणी बंद, नाहीतर नाश्त्यासोबत. बाटलीत साधं पाणी. आवळा सुपारीऐवजी साधी भाजलेली बडीशेप, साखरेचं रंगीत कवच असलेली नव्हे. आवळा सुपारी आंबट असतेच, शिवाय ती दाताला लागून बराच वेळ राहते आणि आपण ती पाचक म्हणून निर्धास्त घेतो. रसाऐवजी मोसंबी, तीही रात्रीच्या जेवणाला जोडून. सकाळची बिस्किटं नाश्त्यातच उरकायची. उरला नाश्त्याचा अर्धा तास, चारच्या चहा-खारीचा अर्धा तास आणि दोन जेवणांचा दीड तास, म्हणजे एकूण अडीच तास.

तिसरी पायरी: खाल्ल्यानंतरची पहिली पाच मिनिटं

आंबट काही खाल्लं-प्यायलं, दात आंबले, की आधी खळखळून साध्या पाण्याने चूळ भरा. जेवल्यावर चूळ भरण्याची जुनी सवय घरात टिकली आणि ऑफिसात हरवली. ती परत आणायला काही पैसे पडत नाहीत. बेसिन जवळ नसेल तर दोन घोट पाणी तोंडात नीट फिरवून गिळलं तरी चालतं.

पाणीपुरीच्या गाडीवरून उठल्यावर किंवा आंबट-गोड चटणीचं चाट खाल्ल्यावर एवढ्याने समाधान होत नसेल तर दोन गोष्टी करता येतात. एक, घोटभर दूध किंवा बिनसाखरेचं दही, किंवा चीजचा लहान तुकडा. कॅल्शियम, फॉस्फेट आणि चावण्याने सुटणारी लाळ, तिन्ही एकदम मिळतात. दुसरी, बिनसाखरेचं च्युइंग गम दहा-पंधरा मिनिटं चघळा. गम घेताना लिंबू-संत्र्याच्या चवीचा नको, त्यात आम्ल घातलेलं असतं. पुदिन्याचा घ्या.

उलटी झाल्यावर किंवा छातीत जळजळ होऊन आंबट पाणी तोंडात आल्यावर मात्र नुसतं पाणी कमी पडतं, कारण पोटातलं आम्ल लिंबाहूनही तीव्र असतं. ग्लासभर पाण्यात चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा विरघळवा, त्याने चूळ भरा आणि थुंकून टाका, गिळू नका. डबा नीट वाचा. बेकिंग पावडर वेगळी, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं. गरोदरपणातल्या सकाळच्या उलट्यांसाठी हा उपाय विशेष लक्षात ठेवावा. उलटीनंतर तोंड घाण लागतं म्हणून ताबडतोब ब्रश उचलला जातो, आणि तिथेच सर्वांत जास्त नुकसान होतं.

चौथी पायरी: ब्रश केव्हा, कशाने, किती

आंबट खाल्ल्यानंतर अर्धा तास ते तासभर थांबून ब्रश करा, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो चुकीचा नाही, पण पुरता खराही नाही. अर्ध्या तासात लाळ आम्ल मारते, पण मऊ झालेला थर पूर्ववत घट्ट व्हायला कित्येक तास लागू शकतात. त्यामुळे घड्याळ लावून तिसाव्या मिनिटाला ब्रश केला की धोका टळला, असं नाही. माझं मत सरळ आहे: सकाळचा ब्रश नाश्त्याआधी करा. त्यावेळी दातावर रात्रीचा प्लाक असतो, आम्ल नसतं, आणि पेस्टमधलं फ्लोराइड नाश्त्याच्या वेळी दातावर आधीच हजर असतं. नाश्त्यानंतर चूळ पुरते. दुसरा ब्रश रात्री, झोपण्याआधी, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काहीही नाही. त्या बाईची अकराची मोसंबी सर्वांत महाग पडते ती याच कारणाने: ब्रशनंतर खाल्ली, चूळ नाही आणि पाठोपाठ झोप, म्हणजे लाळ बंद.

ब्रश मऊ केसांचा घ्या आणि तो मुठीत न धरता पेनसारखा बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. दोन मिनिटं पुरतात. थुंकल्यावर ग्लासभर पाण्याने तोंड धुऊन टाकू नका. फेस थुंका आणि थांबा, फ्लोराइड थोडा वेळ दातावर राहू द्या. ज्यांना ही गोष्ट किळसवाणी वाटते त्यांनी एक छोटी चूळ भरावी, फार तर.

पेस्ट घेताना नळीवर फ्लोराइडचं प्रमाण छापलं आहे का ते पाहा. भारतात पेस्टमध्ये ते 1000 पीपीएमपर्यंतच ठेवता येतं. आयुर्वेदिक किंवा हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. झीज असलेल्यांनी स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट मिळाली तर घ्यावी, आम्लाविरुद्ध ती साध्या सोडियम फ्लोराइडपेक्षा सरस ठरते. मशेरी, राख, कोळशाची पावडर, खरखरीत मंजन आणि दात पांढरे करणारी पेस्ट, यांतलं काहीही नको. मऊ थरावर ही सगळी सँडपेपरचं काम करतात. दात पिवळे दिसतात म्हणून पांढरं करणारी पेस्ट आणणं तर उलट्या दिशेने जाणं आहे. पिवळेपणा डागाचा नसतो, पातळ झालेल्या एनॅमलमधून आतलं डेंटिन दिसत असतं.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या लहान मुलांसाठी पेस्ट निवडताना डॉक्टरांना विचारून घ्यावं. मोठ्यांनी पेस्ट सोडायचं कारण नाही, कारण ती गिळली जात नाही.

झीज होते आहे हे कसं ओळखायचं

आरशासमोर चांगल्या उजेडात उभे राहा. निरोगी दातावर बारीक रेघा आणि उंचसखल भाग असतात. झिजलेला दात काचेसारखा गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो, लोक त्यालाच स्वच्छता समजतात. पुढच्या दातांच्या कडा पारदर्शक, करड्या किंवा कणी-कणी तुटलेल्या दिसतात का ते पाहा. दाढांच्या टोकांवर वाटीसारखे बारीक खळगे पडले आहेत का, आणि जुनं सिमेंट किंवा चांदीचं भरण आजूबाजूच्या दातापेक्षा उंच उठलंय का, हेही बघा. भरण उंचावत नसतं, त्याच्या भोवतीचा दात खाली गेलेला असतो. ही खूण दिसली तर दुसरा पुरावा लागत नाही.

वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूला झीज जास्त असेल तर आम्ल पेयातून नव्हे, पोटातून येत असण्याची शक्यता मोठी. जळजळ जाणवत नसली तरी हे होऊ शकतं. अशा वेळी दंतवैद्याबरोबर पोटाच्या डॉक्टरांकडेही जावं, नाहीतर वरच्या सगळ्या पायऱ्या पाळूनही झीज थांबत नाही. तोंड सतत कोरडं पडत असेल, कोरडं बिस्किट पाण्याशिवाय गिळवत नसेल, तर घेत असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

शिवशिव थांबवणाऱ्या पेस्टबद्दल एक इशारा. तिचा परिणाम यायला दोन-चार आठवडे लागतात आणि तो येतोही, पण आम्लाची सवय तशीच राहिली तर ती पेस्ट फक्त धोक्याची घंटा बंद करते, झीज चालूच राहते.

दंतवैद्याकडे जाताना ती तीन दिवसांची नोंद घेऊन जा, नुसती दुखण्याची तक्रार नको. ते फ्लोराइडचं वार्निश लावू शकतात, खळगे दाताच्या रंगाच्या सिमेंटने भरू शकतात. कॅप बसवण्याची घाई मात्र आम्लाचा स्रोत सापडण्याआधी करू नये, कारण कॅपच्या कडेचा दात झिजत राहिला तर ती टिकत नाही. पहिल्या भेटीतच दातांचे फोटो किंवा ठसे घेऊन ठेवायला सांगा आणि सहा महिन्यांनी त्याच जागांशी ताडून पाहा. मधल्या काळात घरी त्याच खिडकीच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढता येतो. कडा तेवढ्याच असतील, भरण आणखी उंचावलं नसेल, तर झीज थांबली आहे आणि मग उरलेल्या दातावर काय करायचं ते निवांत ठरवता येतं.